तक्ता आडवा वाचायचा

एम.ए.ला समाजशास्त्र घेतल्यापासून बाबांचा माझ्या अभ्यासात जीव अडकला होता. ते नुकतेच स्टील प्लांटमधून रिटायर झाले होते आणि रिसालीच्या घरात त्यांना हुकूम सोडायला कोणी उरलं नव्हतं.

मॅडमनी असाइनमेंटला एक तक्ता दिला होता. आडव्या ओळींत बापाचा वर्ग, उभ्या रकान्यांत मुलाचा. त्यावरून वर्ग पिढ्यान्‌पिढ्या टिकतो का, ते जपून लिहायचं. मी दुपारी टेबलावर पसारा मांडला, तशी बाबांनी चष्मा लावून अधिकाऱ्यांच्या रकान्यावरून बोट खाली नेलं.

"अवो, इकडं या! अर्ध्याहून जास्त अफसर कामगाराचेच पोरं हायेत!"

आई पोळी तव्यावर सोडून आली. तेवढ्यात बाबांनी कोहक्याला राहणाऱ्या काकांना फोन लावलासुद्धा. "आपलं राज्य आलं ना भाऊ! सायन्सनं सिद्ध केलं!"

"बाबा, आडवं वाचा," मी म्हटलं. "समजा, कामगारांची शंभर पोरं. त्यातली दहा अफसर झाली. अफसरांची दहाच पोरं, पण त्यातली सहा अफसर. आता रकान्यात कोण जास्त?"

"आपले. दहा."

"आणि चान्स कोणाचा जास्त?"

बाबांनी फोन खाली घेतला. काका पलीकडून हॅलो हॅलो करत राहिले.

"पण माहा बाप भंडाऱ्याले दुसऱ्याच्या वावरात राबे. मी प्लांटमध्ये लागलो. हे काय खोटं हाय?"

"खरं आहे. पण प्लांट निघाला म्हणून गावंच्या गावं उठून आली. शेतीतली कामं घटली, कारखान्यातली वाढली. त्यानं सगळेच हलले. पण अफसराच्या पोराशी तुलना केली तर अंतर मिटलं, असं त्यातून निघत नाही."

"मंग लिही, काहीच बदललं नाही!"

"तेही निघत नाही. एकच तक्ता आहे. ‘वर्ग टिकून राहण्याकडे कल दिसतो’, एवढंच लिहिता येतं. कारण तर हा तक्ता सांगतच नाही."

"दिसतो! कल!" बाबा चिडले. "असं डरून डरून काहून लिहून राहिली तू? फर्नेससमोर ‘गरम असण्याकडे कल दिसतो’ म्हटलं असतं, तर जळून मेलो असतो."

आई तक्त्याकडे बघत होती. "यात बाप हाय, पोरगा हाय. मी कुठं हावो? अन् तू?"

"ते मी शेवटी, अभ्यासाच्या मर्यादांमध्ये लिहिलंय."

"शेवटी काहून?"

पोळी जळल्याचा वास आला, म्हणून उत्तर टळलं. पण रात्रीच्या जेवणाआधी मी ते वाक्य उचलून पहिल्या परिच्छेदात नेलं: हा तक्ता फक्त बाप आणि मुलांचा आहे, मुलींबद्दल यावरून काही सांगता येत नाही.

मॅडमनी शेरा मारला, ‘मर्यादा शेवटी लिहाव्यात.’ एक मार्कही कापला. मी ते पान आईला दाखवलं. तिनं शेरा नीट वाचला आणि विचारलं, "शेवटी जेवाची सवय दिसते हिले. या मॅडमचं लगन झालं हाय काय?"