आजीची कोल्ड कॉफी

नंदुरबारला कॅफे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पडदे लावलेले कप्पे येतात, आणि आत तोंडाला ओढणी बांधलेली पोरं-पोरी. आमच्या कॅफेत एकही पडदा नव्हता. पण हे सांगणार कुणाला? घरंदाज बाया दारातूनच डोकावून परत जायच्या.

म्हणून ठरवलं, आलेल्या गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटोच आपल्या इन्स्टाच्या पानावर टाकायचे. आपली फुशारकी आपण मारून काय उपयोग? कुणी इन्स्टावर स्टोरी टाकून आम्हाला टॅग केलं की मी आधी निरोप पाठवायची, "आमच्या पानावर टाकू का? तुमचं नाव घालू?" कपाला होकार यायचा, चेहऱ्याला नकार. पानावर नुसते कप आणि सँडविच, भुतं येऊन खाऊन गेल्यासारखे. रोज विचारून विचारून मी कंटाळले होते.

एकदा प्रकाशा गावाहून एक आजी सुनेबरोबर आल्या. दवाखान्याचं काम आटोपून, उन्हानं जीव कासावीस झाला म्हणून. आजी डोक्यावरचा पदर सावरत कोल्ड कॉफी चक्क बशीत ओतून पीत होत्या, ओठांवर फेस. सुनेनं त्यांचा तसा फोटो टाकला, टॅग केलं आणि मी विचारताच "हो, टाका" म्हणाली. हाच फोटो मला हवा होता! पण चेहरा तर आजींचा. मी लिहिलं, "आजींनाही विचाराल का?"

नवरा वैतागला. "त्या मायले काय समजस फोनमधलं? टाकी दे. उद्या ती स्टोरीच जाई."

त्याचंही खरंच होतं. चोवीस तासांत स्टोरी जाते, आणि भाडं काही थांबत नाही. तरी मी थांबले. संध्याकाळी आजींचाच आवाज आला, सुनेच्या फोनवरून. "नको टाकू व माय. मन्हा घरवाला जाईसन वरीस बी व्हयनं नही. भाऊबंद म्हनतीन, म्हातारी हाटेलमा मजा करी ऱ्हायनी."

फोटो हातचा गेला. मला राग आला, कुणाचा ते कळेना. पुढं कपांचेच फोटो चालू राहिले. कॅफे बंद करावा, असं आम्ही दोघं जेवताना बोलायचो आणि सकाळी पुन्हा शटर वर करायचो.

मग एका दुपारी दारात त्याच आजी. मागं सून, दोन लेकी, नातवंडं, शेजारणी. खुर्च्या पुरेनात. आजी बसल्या आणि म्हणाल्या, "वरीस सरनं व माय. आते टाक मन्हा फोटू."

सुनेनं फोटो काढला, सगळ्यांचा. टॅग आला. मी सवयीनं एकेकीला विचारत सुटले, तुमचा चालेल ना, तुमचा?

"कितली इचारस व तू!" आजी हसल्या, आणि शेजारणींकडे वळून म्हणाल्या, "म्हनीसन तर तुमले आठे आनं."

मी विचारते, म्हणूनच आणलं होतं सगळ्यांना. मी कॉफी करायला आत गेले आणि मिक्सर लावून पोटभर रडले.