बुडलेली साय

आमचा साहेब दिलदार होता असं सांगणारे सोलापुरात पुष्कळ भेटतील. त्यांनी त्याच्या पार्ट्या पाहिल्या, मी त्या वाढल्या. तो गिरणीतला बडा गोरा अधिकारी, आणि मी त्याच्या बंगल्यावरचा बेअरा. नातेपुत्याकडं आमची मेंढरं होती. एका दुष्काळात ती गेली आणि मी मेंढरांऐवजी माणसांच्या मागं काठीशिवाय फिरू लागलो.

रविवारी दुपारी साहेबाकडं पाहुणे जेवायला येत. जेवण झालं की त्यांना एक खास कॉफी लागे. दांडीच्या काचेच्या पेल्यात गरम काळी कॉफी, तिच्यात व्हिस्की आणि वर थंड सायीचा बोटभर थर. हा थर ढवळायचा नाही. ओठाला थंड साय लागते आणि तिच्याखालून गरम, कडक कॉफी येते, त्यात सगळी गंमत. खाली काळं, वर पांढरं, मधे रेघ स्वच्छ दिसली पाहिजे.

ही रेघ काढावी ती चाचांनी. चाचा म्हणजे आमचे म्हातारे खानसामा. नमाज न चुकवणारा माणूस. आयुष्यभर साहेबलोकांना दारू ओतून दिली, पण स्वतः थेंब चाखला नाही. व्हिस्कीची बाटली उघडली की वास नको म्हणून दंडात नाक खुपसत, आणि काम झालं की कोपरापर्यंत हात धूत. आम्ही त्यांना त्यावरून चिडवायचो. त्यांनी मला शिकवलं ते शिव्या देऊन. पहिल्या दिवशी मी तापवलेल्या दुधावरची साय काढून आणली, आमच्या घरी दुसरी साय ठाऊकच नव्हती. ती कॉफीवर ओल्या फडक्यासारखी पडली. चाचा म्हणाले, "धनगर का बच्चा, ये मलई है या कंबल?"

मग कळलं की दूध तापवायचंच नाही. म्हशीचं कच्चं दूध पसरट परातीत, ओल्या फडक्याखाली निवांत ठेवायचं आणि वर आलेली दाट मलई अलगद काढायची. ती बर्फावर गार करून काट्यानं थोडी फेटायची. चमच्यावरून सावकाश ओघळली पाहिजे. जास्त फेटली तर गोळा होतो, आणखी फेटली तर लोणी. पेला आधी गरम पाण्यानं विसळायचा. त्यात साखर, व्हिस्की, कॉफी घालून साखर पार विरेपर्यंत ढवळायचं आणि भोवरा थांबेपर्यंत हात आवरायचा. मग चमचा पालथा करून कॉफीला जेमतेम टेकवायचा आणि मलई त्याच्या पाठीवर ओतायची, म्हणजे ती खाली न घुसता पसरते. पेला भरत जाईल तसा चमचा वर घ्यायचा.

हे सगळं नीट सांभाळायला कारण होतं. साहेबानं घरचा एक नियम केला होता. ज्याच्या हातची साय बुडेल, त्यानं तो पेला पाहुण्यांसमोर उभ्यानं रिकामा करायचा. साहेबाच्या मते ही शिक्षा. मी आणि दुसरा बेअरा अधूनमधून मुद्दाम उंचावरून ओतायचो, साय घुसून कॉफी गढूळ व्हायची आणि आम्ही मान खाली घालून फुकटची व्हिस्की प्यायचो. पाहुणे हसत, आम्हीही आतून हसत असू. चाचांची साय मात्र कधी बुडाली नाही. त्यांना ती बुडून चालणारच नव्हतं.

त्या हिवाळ्यात साहेबाचा एक तरुण पाहुणा आला. त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण लागे. चाचांनी ओतलेला पेला उन्हात धरून त्यानं विचारलं, "ही साय बुडत का नाही?"

चाचांना असं कुणी कधी विचारलं नव्हतं. म्हातारा फुलला. "साब, मलई में चिकनाई है, हलकी है. सालन पे तेल तैरता, वैसी. लेकिन व्हिस्की कॉफी को भी हलका करती. शक्कर उसको भारी करती. शक्कर मलई को उठाके रखती."

मी मागं तबक धरून उभा होतो. चाचा इतकं बोललेले मी प्रथमच ऐकत होतो, आणि मला त्यांचा अभिमान वाटला.

पाहुणा म्हणाला, "म्हणजे कसब साखरेचं, तुझं नाही. आता साखरेशिवाय ओत."

चाचांचा चेहरा उतरला. त्यांनी साहेबाकडं पाहिलं. साहेब खुर्चीत पुढं सरकून बसला होता.

"साब, फिर मलई जरा और फेटने दो," चाचा म्हणाले. दाट फेटली असती तर तिच्यातल्या हवेनं ती साखरेविनाही तरली असती.

"फेटायची नाही. भांड्यातली आहे तशीच," पाहुणा म्हणाला.

बशीतली फेटलेली मलई संपली होती. भांड्यात होती ती न फेटलेली, म्हणून पातळ. चाचांनी पेला विसळला. व्हिस्की ओतली, कॉफी ओतली. चमचा टेकवला. इतका हलका हात मी पुन्हा पाहिला नाही. मलई क्षणभर वर पसरली, मग तिच्या कडा सुटल्या, पांढरे धागे खाली उतरले आणि सगळा पेला मातकट झाला.

टाळ्या वाजल्या.

"नियम," साहेब म्हणाला.

"साब, ये मैं नहीं पी सकता. आप जानते."

"तर मागच्या खोल्या रिकाम्या कर. आजच."

मागच्या दोन खोल्यांत चाचांची विधवा मुलगी आणि तिची पोरं राहत होती. मला राहवेना. मी पुढं झालो. "साहेब, मी पितो की. म्हाताऱ्याला सोडा."

"तुझी तर रोजचीच मजा आहे," साहेब म्हणाला. म्हणजे त्याला आमची लबाडी सगळी ठाऊक होती. शिक्षा कुणाला होते आणि कुणाला नाही, हे तो पहिल्यापासून ओळखून होता. त्या क्षणी तबक त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं. मी घातलं नाही, नोकरी मलाही हवी होती.

चाचांनी डोक्यावरची पगडी काढून माझ्या हातात दिली. पेला दोन्ही हातांनी धरला आणि औषध घेतात तसा एका दमात प्यायले. ठसका लागला, दाढीवर कॉफी सांडली. पाहुण्यानं विचारलं, "कशी झाली?"

"शक्कर नहीं है, साब," चाचा म्हणाले.

यावर सगळे खूप हसले. साहेबानं खूश होऊन त्यांना बक्षीस देऊ केलं, ते त्यांनी सलाम करून घेतलं. मग मोरीवर जाऊन बराच वेळ चुळा भरत राहिले. नमाजाची चटई त्या दिवशी खुंटीवरून उतरली नाही, आणि पुढंही उतरली नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "जाने दे बेटा. अब किस मुँह से." त्यांनी मला बेटा म्हटलं ते तेवढंच.

पुढच्या रविवारी चाचांनी पेले मांडले. सगळ्या पेल्यांत साखर घातली, एक सोडून. म्हातारा विसरला, आता साय बुडेल आणि पुन्हा त्यालाच प्यावं लागेल असं वाटून मी साखरेचा डबा हळूच पुढं सरकवला. त्यांनी माझ्याकडं न बघता तो मागं सारला आणि त्या पेल्यात व्हिस्की ओतली. नेहमीपेक्षा जास्त.