चाळीस वेढे

खाणीवर तिला सगळे वहिनीच म्हणत. तिचा धाकटा दीर तिथेच फिटर होता. त्याची हाक ऐकून इतरांच्याही तोंडी तेच आलं, आणि अकरा वर्षांत मुकादमापासून पहारेकऱ्यापर्यंत ती साऱ्या खाणीची वहिनी झाली. काम मात्र जोखमीचं. माणसांचा पिंजरा खोल विवरात सोडायचा आणि वर घ्यायचा. नवऱ्याच्या पश्चात ती पिंजऱ्याच्या लिव्हरमागे बसली. फारसं बोलायची नाही, पण मोजल्याशिवाय काही मानायची नाही. घरी सुतळीचा गुंडा आणला तरी उलगडून मोजून पाहील, असं दीर चिडवायचा.

त्या आठवड्यात ड्रमवर, म्हणजे पिंजऱ्याचा दोर गुंडाळणाऱ्या चाकावर, नवा दोर चढला होता. चपटा, पट्ट्यासारखा, एकाच रुंदीत वेढ्यावर वेढा बसणारा. दोन दिवस पिंजरा नव्वद मीटरपर्यंत जाऊन आला. आज तळाचा बंद पडलेला पंप दुरुस्तीसाठी वर काढायचा होता, एकशे पाच मीटरवर. दीर आणि आणखी दोघे हेल्मेट चढवून पिंजऱ्यात तयार होते.

वहिनी ड्रमच्या बाजूला उभी राहिली. पिंजरा तोंडाशी होता आणि ड्रम काठोकाठ भरलेला, अगदी जुन्या दोराच्या वेळी असायचा तसाच. पण तिला काहीतरी खटकलं. कडेने दिसणारे थर जाड वाटत होते. तिने दहा वेढ्यांवर पट्टी धरली. दहा सेंटीमीटर. जुना दोर दहा वेढ्यांत आठ भरायचा.

तिने पट्टी पुन्हा लावून पाहिली. दहाच.

"वहिनी, उतरायची घंटा द्या की!" दीर ओरडला.

"थांब जरा."

तिने भिंतीवरच खडूने मांडलं. बाहेरचा व्यास एकशे वीस सेंटीमीटर, मधल्या गाभ्याचा चाळीस. म्हणजे दोर बसायची जागा एका बाजूला चाळीस सेंटीमीटर. एक सेंटीमीटरचा एक वेढा, तर वेढे चाळीस. आतला वेढा लहान, बाहेरचा मोठा, म्हणून सरासरी व्यास ऐंशी. त्याचा परीघ अडीच मीटर. चाळीस गुणिले अडीच.

"शंभर," ती स्वतःशीच म्हणाली. "फक्त शंभर मीटर."

मुकादम जवळ आला. "काय शंभर? कागदावर सव्वाशे आहे."

"तो कागद जुन्या दोराचा. तो आठ मिलिमीटरचा होता, पन्नास वेढे बसायचे. हा जाड आहे. ड्रम तेवढाच भरलेला दिसतो, पण दोर पाचवा हिस्सा कमी."

"अहो, दोर जाड म्हणजे मजबूतच ना?"

"मजबूत असून काय करू? तळ एकशे पाचवर आहे."

मुकादम हसला, पण ते हसू ओठांपुरतंच होतं. वरून साहेबांचा फोन येत होता, पंप आजच हवा होता. "खालच्या पाण्याने बोगदा भरत चाललाय. तुम्ही सोडा, मी बघतो."

"माणसं नाही सोडणार," वहिनी म्हणाली. "वाळूची पोती घाला."

दीर आणि ते दोघे पिंजऱ्यातून बाहेर आले, नाइलाजाने. पोती चढली. वहिनीने ब्रेक सैल केला आणि दोर सुटू लागला. बाहेरचे मोठे वेढे झरझर गेले, मग ड्रम बारीक होत गेला आणि प्रत्येक फेरीत दोर थोडा थोडाच सुटू लागला. विवराच्या तोंडातून गार, ओलसर वारा येत होता. सत्तर. ऐंशी. नव्वद. गाभ्यावर सात वेढे उरले, मग सहा, पाच. तीन उरले तेव्हा तिने ब्रेक दाबला.

"शहाण्णव," ती म्हणाली. "तळ अजून नऊ मीटर खाली आहे. हे तीन उलगडले तर चार मीटर मिळतील. पुढे दोर नाही."

मुकादम ड्रमजवळ वाकला. दोराचं टोक गाभ्याच्या आत बोल्टने आवळलेलं असतं. शेवटचे वेढे घट्ट बसलेले असतात तोवर त्या बोल्टांवर पुरा भार येत नाही. ते सुटले की सगळं वजन बोल्टांवर. दिराने ड्रमच्या आऱ्यांमधून हात घातला, चाचपला, आणि हात तसाच ठेवून उभा राहिला.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "बोल्ट चार हवेत ना?"

"हो."

"इथे दोनच आहेत. एक हलतोय."

काल, परवा, नव्वद मीटरवर ते तिघे याच पिंजऱ्यात हसत उतरले होते. सात वेढ्यांनी त्यांना धरून ठेवलं होतं.

वहिनीने पोती सावकाश वर घेतली. मग काळपट भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं : माणसं बंद. मुकादमाने ते पुसलं नाही.

"असाच दोर," तो अखेर म्हणाला, "पलीकडच्या विवरावरही सोमवारी चढवलाय. तिथला तळ याहून खोल आहे. आणि तिथे आज पहिल्यांदाच माणसं तळाला उतरतायत."

वहिनी फोनकडे धावली. पलीकडचा ऑपरेटर उशिरा बोलला, मागे यंत्राचा घरघराट होता. "पिंजरा खाली चाललाय, वहिनी. चौघं आहेत. काय झालं?"

"ब्रेक लाव. आत्ता. आणि गाभ्यावर किती वेढे उरलेत, मोज."

घरघराट थांबला. फोनवर पावलं दूर गेली आणि परत आली. दीर तिच्या खांद्याशी येऊन उभा राहिला.

"दोन," ऑपरेटर म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "दोनच आहेत, वहिनी."

"हळू वर घे," ती म्हणाली. "अजिबात झटका देऊ नकोस. मी फोनवर आहे."

वीस मिनिटांनी चौघं उजेडात आले. त्यातल्या एकाला आपण कशातून वाचलो ते कळलंच नाही. तो डबा विसरला म्हणून पुन्हा पिंजऱ्याकडे निघाला होता. वहिनी फोन ठेवायला गेली, पण त्यावर आवळलेली बोटं सुटेनात. दिराने ती एकेक करून सोडवली.