वजाबाकीचा पाठ

झिपरू उघडे मुरबाडच्या डोंगराकडच्या ठाकरवाडीतला. सातवी पास झालेला वाडीतला पहिलाच, म्हणून १९५८ साली शहापूरकडच्या एका अध्यापन विद्यालयात मास्तरकी शिकायला आला. तिथे प्रत्येकाला एक दैनंदिनी ठेवावी लागे. सरावाचा पाठ घेतला की काय घडलं, का घडलं, पुढे काय करणार, ते लिहायचं. ओतूरकर सर त्या वाचून शेरा देत.

दिवाळीनंतर झिपरूने आटगावजवळच्या शाळेत वजाबाकी शिकवली. "पंधरातले आठ गेले," तो म्हणाला. कातकरी वाडीतल्या बारकीने विचारलं, "गेले कुठं?" पोरं हसली, झिपरूही हसला. बारकी मग दिवसभर बोलली नाही.

त्याने लिहिलं: "मना वाटलं पोर येडी हाय. मंग ध्यानात आलं, तिच्या घरात गेलं म्हंजे कोळशाच्या भट्टीवर कामाला गेलं. शब्द माझा चुकला, तिचा नाय. आन मी हासलो. फुडच्या पाठाला चिंचोके घेऊन बाजूला काढून दावीन, आन मंग तिलाच इचारीन काय केलं ते."

सरांनी तांबडी शाई लावलीच नाही. खाली एवढंच लिहिलं, "चूक कुठे झाली ते तुम्ही मुलीत न शोधता स्वतःत शोधलंत. विचारल्यावर ती काय म्हणाली, ते जरूर लिहा."

झिपरूने तो शेरा चारदा वाचला असेल. पण दुसऱ्या दिवशी सरांनी तेच पान वर्गात मोठ्याने वाचलं. पाठाचा विचार कसा करावा, हे त्यांना दाखवायचं होतं. वर्गाला मात्र 'मना' आणि 'हासलो' एवढंच ऐकू आलं. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं आणि मग सगळा वर्ग हसला. सर रागावले, पण पान पुरतं वाचूनच थांबले. झिपरू मान खाली घालून बाकावर नखाने रेघा ओढत राहिला. त्या दिवसापासून वसतिगृहात त्याचं नाव 'मना' पडलं.

खोलीतला नामदेव मुरबाडच्या बाजारपेठेतला, त्याचं अक्षर मोत्यासारखं. तो म्हणाला, "दे, मी नीट करून देतो." पुढच्या पानांवर 'पाठ उत्साहपूर्ण वातावरणात पार पडला', 'बालकांच्या मुखावर समाधान विलसत होते' असली वाक्यं आली. झिपरूने ती आपल्या हाताने उतरवली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

सरांनी प्रत्येक वेळी खाली एकच ओळ लिहिली. "बारकीचं काय झालं?" तीन आठवडे उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी झिपरूला विहिरीकडे बोलावलं.

"उघडे, ही पानं तुमची नाहीत."

"अक्षर माझंच हाय, सर."

"अक्षराचं म्हणत नाही मी. यात तुम्हाला कुठे काही अडलेलं दिसत नाही. कोण मूल गप्प बसलं, का बसलं, पुढच्या वेळी तुम्ही काय वेगळं केलंत, काहीच नाही. पहिलं पान मी वर्गात वाचायला निवडलं, ते त्यात हे सगळं होतं म्हणून."

"तुमी निवडलंत, तुमीच वाचलंत," झिपरू म्हणाला. "शुद्ध असतं तर कुनी हासलं नसतं."

ओतूरकर सरांना उमगलं. ती वही विश्वासाने आपल्या हाती आली होती आणि आपण ती न विचारता चव्हाट्यावर मांडली. त्यांचे कान लाल झाले.

"मी तुम्हाला विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "माझं चुकलं. बारकी..."

"मी गेलोच नाय परत त्या वर्गात. बदलून घेतला पाठ. आता तिची मानसं कोळशाच्या भट्टीवर गेली, तीबी गेली." झिपरूने तोंड फिरवलं. "मना लाज वाटली सर, माझी. आन तिची लाज मी काढली व्हती, ती तशीच ऱ्हायली."

 सर म्हणाले, "हेच लिहा. पण नुसतं 'मी वाईट' असं लिहून थांबू नका, त्याने कुणाचं भलं होत नाही. पुढच्या वर्गात असं पोर भेटलं तर काय कराल, ते लिहा. वही तुमच्या-माझ्यात राहील. शुद्धलेखन परीक्षेला लागेल, ते मी संध्याकाळी वेगळं शिकवीन. या वहीत नाही."

झिपरूने लिहिलं, पण आता जपून. 'मना' लिहायचा, खोडून 'मला' करायचा. पहिल्या पानासारखं सरळ त्याच्या हातून पुन्हा उतरलं नाही. सरांना ते कळत होतं. शेरा लिहिताना ते बराच वेळ थांबत.

झिपरू पास झाला, म्हसा गावाकडच्या एका वाडीत मास्तर झाला. तिथे पोरं आपल्या बोलीत बोलली तरी तो टोकत नसे. आणि कुणाची वही वाचून दाखवायची असली, तर आधी त्या पोराजवळ बसून हळूच विचारी, "वाचू का?" पोराने हो म्हणून मान हलवली नाही, तर वही मिटून परत देई.