सत्त्याहत्तर लिंबं

मी जामखेडकडे कृषी सहायक होते तेव्हाची गोष्ट. गारपिटीनंतर पंचनाम्यासाठी एका मावशींच्या लिंबाच्या बागेत गेले. झाडं दोनशे चाळीस. निदान तेहतीस टक्के मोडली असतील तरच सरकारी मदत मिळणार होती.

मी मनात मांडलं. दहावा भाग चोवीस, त्याची तिप्पट बहात्तर, म्हणजे तीस टक्के झाले. उरलेल्या तीन टक्क्यांची सात-आठ झाडं. "म्हणजे ऐंशी हवीत," मी म्हणाले.

मावशी म्हणाल्या, "तिसरा हिस्सा धरला तरी ऐंशीच की, ताई."

आम्ही दोघी चिखलातून एकेक रांग फिरलो. मोडलेली झाडं सत्त्याहत्तर भरली. आणखी तीन नुसतीच कलली होती.

"ही धरू का?" मी हळूच विचारलं.

मावशी खाली बसल्या. त्यातल्या एका झाडाच्या मुळाशी बराच वेळ माती चाचपत राहिल्या.

"न्हाई. ही जगत्याल. जित्या झाडाला मेलं कसं लिवायचं?"

मी सत्त्याहत्तर लिहिलं. त्यांनी सही केली. मदत मिळणार नव्हती, हे दोघींनाही कळलं होतं. मावशी त्या कललेल्या झाडाला काठीचा टेकू द्यायला लागल्या. मी कागद पिशवीत ठेवले आणि खोड धरून उभी राहिले.