शेवटचा आकडा

त्या बाईंबद्दल फ्रेमवाल्याला फारसं काही ठाऊक नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. अकरा वर्षं भिंतीला भिंत लागून दुकानं. इकडे हा फोटोंना चौकटी करायचा, तिकडे त्या फोटो काढायच्या आणि जुने सुधारून द्यायच्या. पण त्या राहतात कुठे, घरी कोण असतं, हे त्याने कधी विचारलं नाही. त्याला माहीत होता तो भिंतीपलीकडून येणारा त्यांचा वैतागलेला आवाज. ‘‘अहो, सिनेमात होतं ते सिनेमातच होतं!’’ धूसर फोटो लख्ख करून मागणाऱ्या गिऱ्हाइकांना हे वाक्य तर दिवसातून एकदा ठरलेलंच.

मग एके दिवशी तोच त्यांच्या काउंटरसमोर उभा राहिला. सोबत भाचा.

फ्रेमवाल्याच्या ताईला तिन्हीसांजेला मोटरसायकलने उडवलं होतं. खुब्याचं हाड मोडलं. गाडीवाला थांबलाच नाही. भाच्याने गॅलरीतून घाईघाईत फोटो काढला, तो हलला. मोबाइलमधल्या कुठल्याशा ॲपने मात्र गाडीचा नंबर लख्ख काढून दिला होता : ४८३८. गल्लीत रोज पाव टाकणाऱ्याचा नंबर ४८३३. भाच्याच्या डोक्यात तोच बसला होता.

‘‘शेवटचा आठ आहे की तीन, एवढंच सांगा. तीन असेल तर तो आमच्या गल्लीतला पाववालाच. तक्रारीला जोडायचंय,’’ भाचा म्हणाला.

‘‘हा फोटो तुम्ही चॅटवरून पाठवलात. दाबून चपटा झालाय. मूळचा आणा.’’

‘‘बाई, एवढं काय त्यात?’’ फ्रेमवाला न राहवून म्हणाला.

‘‘काका, तुम्ही काच कापताना मी कधी मधे बोलते का?’’

मूळ फोटो आला. बाईंनी कोपऱ्यातल्या रस्त्याच्या दिव्यावर बोट ठेवलं. ‘‘हा दिवा ठिपक्यासारखा दिसायला हवा होता. त्याची अशी वाकडी अळी झालीय. म्हणजे हात असा हलला. फोटोतला प्रत्येक ठिपका असाच पसरलाय. कसा पसरला ते कळलं, की बराचसा परत गोळा करता येतो.’’

अर्ध्या तासात समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचता येऊ लागली. कठड्याचे गजही सुटे झाले. फ्रेमवाला पुढे वाकला. नंबराची पाटी मात्र धुक्यातच.

‘‘आता तिकडे करा ना!’’ भाचा म्हणाला.

‘‘केलं. गाडी स्वतःही पळत होती, तिची अळी वेगळी. ती धरून पाहिली, दोन-तीन अंदाज करून पाहिले. पण पाटी फोटोत आहेच मुळी नखाएवढी. तीन, सहा, आठ, सगळे पसरून एकसारखे झालेत. जे उरलंच नाही ते गोळा कुठून करू?’’

‘‘मग ॲपला कसं दिसलं?’’

‘‘दिसलं नाही. त्याने हजारो पाट्या पाहिल्यात, त्यात शोभेल अशी एक काढून दिली.’’

‘‘मामा, यांना जमत नाही म्हणून हे सगळं,’’ भाचा पुटपुटला. फ्रेमवाल्यालाही तसंच वाटलं. ताई तिकडे कण्हतेय आणि या बाई अळ्या मोजतायत!

बाईंनी ते ऐकलं. भाच्याचा मोबाइल उचलून त्या तरातरा रस्ता ओलांडून गेल्या आणि हात मुद्दाम हलवत फ्रेमवाल्याच्या बोर्डाचा फोटो काढला. तो त्याच ॲपमध्ये घातला. बोर्डावरचा फोन नंबर छापल्यासारखा उमटला.

‘‘वाचा, काका.’’

फ्रेमवाल्याने वाचला. दोनदा वाचला. ‘‘शेवटी आठ? माझा तर तीन आहे. आणि हा मधला पाच... हा माझा नंबरच नाही.’’

‘‘पण किती स्वच्छ आहे, नाही?’’ बाई म्हणाल्या. ‘‘त्या पाववाल्याची नोकरी जाईल, कळतंय का? भिंतीचा फोटो देते. गाडीच्या नंबराचा एकही आकडा माझ्याकडून लिहून मिळणार नाही.’’

भाचा पाय आपटत गेला. फ्रेमवाला दुपारभर काच कापायला बसला आणि दोन काचा फुकट घालवल्या. संध्याकाळी ताईच्या उशाशी बसून त्याने सगळं सांगितलं. भाच्याला म्हणाला, ‘‘माझ्याच दुकानाचा नंबर चुकवला रे त्या ॲपने, आणि मी डोळ्यांनी पाहिला.’’

‘‘नंबर घालू नकोस,’’ ताई भाच्याला म्हणाली. ‘‘माझं हाड काही त्याने जुळणार नाही.’’

तक्रार नंबराशिवाय गेली. धडक देणारा सापडला नाही. पाववाला रोज येत राहिला. त्याला यातलं काहीच कळलं नाही.

फ्रेमवाल्याने बाईंचे आभार मानायचं ठरवलं होतं. रोज ठरवायचा. पुढच्या वर्षी त्यांनी दुकान सोडलं, कुठे गेल्या तेही त्याने विचारलं नाही. शेवटच्या दिवशी कुलूप लावून त्या क्षणभर त्याच्या दारात थांबल्या. वर बघत, नेहमीसारख्याच वैतागून म्हणाल्या, ‘‘काका, बोर्डावरचा तुमचा तीन पुसट झालाय. रंगवून घ्या.’’

‘‘घेतो उद्या,’’ तो म्हणाला.