दुसरा पक्ष

घर बघायला जाताना ओळख करून द्यायचा माझा क्रम ठरलेला होता. आधी नोकरी: रसमड्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळते. मग पगाराची स्लिप, आधार कार्ड, आणि भिलाईतच वाढल्याचा उल्लेख. लग्नाचा विषय शेवटी, तोही विचारला तरच. पहिल्याच घरी कळलं होतं, तो आधी निघाला की बाकीचे कागद कोणी उघडतही नाही.

वडील गेल्यावर त्यांच्या नावाचं कंपनीचं क्वार्टर महिनाअखेर सोडायचं होतं. खुर्सीपारला दोन खोल्या मिळत होत्या, पण त्या मालकाला करारच करायचा नव्हता. मला करार हवा होता, माझ्या नावाचा. त्याशिवाय कारखान्यात घरभाडे भत्ता मिळत नाही आणि आधारवरचा पत्ता बदलत नाही.

दलालाने पद्मनाभपूरचं घर दाखवलं. मालक भिलाईच्या सरकारी स्टील प्लांटमधून रिटायर झालेले, मूळचे वर्ध्याकडचे. वरचा मजला रिकामा. मराठी ऐकून काकांचा चेहरा जरा खुलला, पण तेवढ्यापुरताच.

"मिस्टर कुठे असतात?"

"लग्न केलं नाही, काका."

"कावून?"

आईच्या आजारपणात वय गेलं, असं सांगितलं की लोक मवाळ होतात. ते खरं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. जमलं नाही, एवढंच म्हणाले. त्यावर काका दलालाकडे वळून हिंदीत म्हणाले की फॅमिली सांगितली होती, ही तर अकेली आहे. मी समोरच बसले होते.

मग आतून काकू कुंकवाची कोयरी घेऊन आल्या. अजून माझा चहासुद्धा संपला नव्हता. निघताना लावायचं कुंकू त्यांनी आधीच आणलं आणि बोट पुढे करून थांबल्या. मी मागे सरकते का, ते त्या बघत होत्या. विधवा आहे का, हे तोंडाने विचारायची गरज उरत नाही. आमच्या क्वार्टरमध्ये आईनेही नव्या बिऱ्हाडाला असंच तपासलेलं मला आठवत होतं. मी कपाळ पुढे केलं. काकूंनी कुंकू लावलं, आणि मग विचारलं, "घरी माणसं येत-जात राहतात काय?"

मैत्रिणी येतील, ऑफिसचे लोकही येतील, म्हटलं. काकांनी अटी सांगायला सुरुवात केली. नऊला गेट बंद. पुरुष पाहुणा नाही, भाऊ सोडून. भाऊ म्हणताच त्यांना काहीतरी सुचलं. त्यांनी नागपूरच्या माझ्या धाकट्या भावाचा नंबर मागितला. भाडेकरूच्या घरच्या माणसाशी बोलून घेणं वावगं नाही, म्हणून मी दिला.

चार दिवसांनी सही करायला गेले, तर ई-स्टॅम्प आणून तयार. त्यावर दुसरा पक्ष म्हणून भावाचं नाव. करारात तो भाडेकरू, मी 'राहणारी बहीण'. भाऊ फोनवर हो म्हणाला होता. मला कोणी विचारलं नव्हतं.

मी तिथूनच त्याला फोन लावला, स्पीकरवर.

"ताई, माझं नाव राहू दे ना. काय फरक पडतो?"

"फरक पडतो म्हणूनच ते तुझं नाव मागून राहिले."

मी फोन ठेवला.

"बाई, नाव पुरुषाचं पायजे," काका म्हणाले. "उद्या काही झालं तर आमी कोणाले पकडायचं?"

"ठाण्यात किरायेदाराची माहिती तुम्हालाच द्यायची आहे ना? त्यावर फोटो कोणाचा लावाल?"

काकांनी स्टॅम्पवरचं भावाचं नाव पुन्हा वाचलं.

"फोटो भावाचा आणि वर राहणार मी. पोलीस बघायला आले तर खोटी माहिती दिली म्हणून ते तुम्हाला विचारतील, भावाला नाही."

काकूंनी काकांकडे पाहिलं. आयुष्यभर सरकारी शिस्तीत नोकरी केलेला माणूस. माझ्यापेक्षा त्यांना ठाण्याची भीती जास्त वाटली. माझ्या नावाचा दुसरा स्टॅम्प त्यांनी आणला. पाहुण्यांची अट मी पेनाने खोडली आणि त्या ओळीशेजारी काकांची सही घेऊन माझीही केली. गेटची अट राहिली. कारखान्यातून उशीर होतो म्हणून किल्ली मागितली, ती मिळाली नाही.

सामान चढवताना कोणी खाली आलं नाही. शेजारच्या बाईंना काकू फाटकातून सांगत होत्या, "नागपूरच्या साहेबांनी घेतलं. बहीण राहील त्यांची."

मी हातातला पंखा जिन्यावर ठेवला आणि फाटकापाशी गेले.

"घर मी घेतलं," शेजारच्या बाईंना म्हटलं, "रसमड्याला नोकरी करते. लग्न केलेलं नाही."

यावेळी लग्नाचं कोणी विचारायची वाट पाहिली नाही. काकू आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी पंखा उचलून वर गेले.